रिटेन्शन बोनस स्वीकारणाऱ्यांसाठी काही हितकारक सूचना

अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत तुमच्या विभागातले दोघे जण महिन्याभरात पुण्याला निघून गेले, की एचआर तुम्हाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजते आणि रिटेन्शन बोनसचे पत्र पुढे सरकवते. अशा प्रसंगी पत्र वाचत बसणे म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास दाखवणे होय. तेव्हा आकडा पाहावा, आभार मानावेत, सही करावी आणि संध्याकाळी सहकुटुंब शोरूममध्ये जाऊन गाडीचा रंग ठरवावा.

समजा, आकडा तीन लाखांचा आहे. तो जून 2025 च्या पगारासोबत मिळणार आणि बदल्यात तुम्ही 31 मे 2027 पर्यंत, म्हणजे चोवीस महिने, थांबायचे. तुमचा वर्षाचा पगार 12,75,000 रुपये असेल, तर नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन बारा लाख उरतात आणि करसवलतीमुळे कर शून्य होतो. बोनस मात्र कंपनीने प्रेमाने दिला, तरी कायद्याच्या लेखी तो पगारच असतो. करपात्र रक्कम पंधरा लाख झाली, की ती सवलतच हातची जाते आणि आजवर न लागलेला करही लागू होतो. कर 1,05,000 रुपये, त्यावर चार टक्के उपकर 4,200 रुपये, एकूण 1,09,200 रुपये. कंपनी तो एकाच महिन्यात कापो किंवा मार्चपर्यंत थोडा थोडा कापो, तीन लाखांतले तुमच्या वाट्याला 1,90,800 रुपयेच येतात. शोरूमवाल्याला तुम्ही तीन लाख सांगून आलेले असता, ही गोष्ट वेगळी.

आता समजा, वीस महिने इमानाने काढून 31 जानेवारी 2027 रोजी तुम्ही बाहेर पडलात. पत्राच्या तिसऱ्या पानावर, सहीच्या जागेच्या जरासे वर, एक वाक्य आहे: मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास कर्मचारी बोनसची संपूर्ण ग्रॉस रक्कम परत करील. ‘संपूर्ण’ या शब्दामुळे तुमचे वीस महिने हिशेबात धरले जात नाहीत. उरलेल्या चार महिन्यांच्या प्रमाणात वसुली असती, तर 50,000 रुपयांत सुटका झाली असती. ‘ग्रॉस’ या शब्दामुळे जे 1,09,200 रुपये तुमच्या हाती कधी आलेच नाहीत, तेही तुम्हीच भरायचे. सहीपूर्वी हे दोन शब्द बदलून मागता येतात, आणि कंपनीने स्वतःहून काढून टाकले तर वसुली होणार नाही, असे एक वाक्य घालूनही मागता येते. पण भरल्या चहावर इतके व्यवहारी बोलणे बरे दिसत नाही.

हप्त्यांनी, मुदतीनंतर मिळणाऱ्या बोनसमध्ये परतफेडीची कटकट नसते, म्हणून तिथे प्रामाणिकपणाला अधिक वाव आहे. पत्रात बहुधा असे असते, की देय तारखेला कर्मचारी नोकरीत असावा आणि नोटीस पिरियडमध्ये नसावा. हप्ता 30 जूनला देय असेल, तर राजीनामा 3 जूनलाच द्यावा. कंपनीला पूर्वसूचना मिळते आणि तिचा हप्ताही वाचतो.

वसुली आली, की मिसळीच्या टेबलावर एक जाणकार नक्की भेटतो. तो सांगतो, की असले करार कोर्टात टिकत नाहीत. त्याच्यावर विसंबून राहावे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान नोकरी आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली, हा तपशील त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. तोवर कंपनी आपली रक्कम फुल अँड फायनलमधून वळती करून घेते, आणि कमी पडल्यास रिलीव्हिंग लेटर अडून राहते.

कराचे काय, असे विचारण्याची घाई करू नये. बोनस ज्या आर्थिक वर्षात मिळाला त्याच वर्षात परत केला असता, तर कंपनीने पगार कमी दाखवून टीडीएसचा मेळ फॉर्म 16 मध्येच घातला असता. तुम्ही मात्र पुढच्या वर्षाच्या जानेवारीत परत करता, तेव्हा मागच्या वर्षाचा कर सरकारजमा झालेला असतो, आणि परत केलेला पगार वजा करण्यासाठी विवरणपत्रात स्वतंत्र रकाना नाही. दावा करता येतो. त्यासाठी परतफेडीची पावती आणि बँकेतली नोंद जपून ठेवावी लागते, आणि तो मान्य होईलच याची हमी कोणताही सीए देत नाही.

शेवटचा उपाय म्हणजे नव्या कंपनीला तीन लाख भरून द्यायला सांगणे. ती आनंदाने देते, पगारात घालून, टीडीएस कापून. आणि सोबत एक पत्र पुढे सरकवते, ज्यात किमान अठरा महिने थांबण्याची अट असते. चहा तिथेही चांगला असतो.