चांदणीमागे किती मुलं?

"एनएफएचएसमध्ये प्रत्येक जिल्ह्यात हजारभर बायकांना विचारलंय, म्हणजे तक्त्यातला प्रत्येक टक्का पक्का. कंसात असला तरी आकडा तो आकडाच, आणि तोही दशांशापर्यंत दिलेला. जिथे आकडा अडचणीचा होता तिथे सरकारने स्टार टाकून लपवलाय. पुढे पाठवा."

फिरणाऱ्या या निरोपातला एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्यातल्या हजारभर बायका हे खरं आहे. २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मध्ये ७०७ जिल्ह्यांतल्या ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. भागाकार केला की जिल्ह्यामागे १,०२४ येतात. पण जिल्हा पत्रकातली प्रत्येक ओळ या सगळ्या जणींवर उभी नसते.

अतिसार झालेल्या मुलांपैकी किती जणांना ओआरएस मिळालं, ही ओळ घ्या. हे कुणाला विचारता येतं? जिच्या पाच वर्षांखालच्या मुलाला मुलाखतीआधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झाले होते, त्याच आईला. आता चाळणी लावू. जिल्ह्याच्या नमुन्यात पाच वर्षांखालची ३३० मुलं आली असं धरू (हा आकडा माझा, हिशेबापुरता). देशभरात दोन आठवड्यांत अतिसार झालेल्या मुलांचं प्रमाण या सर्वेक्षणात ७.३ टक्के निघालं होतं. ३३० चे ७.३ टक्के म्हणजे २४ मुलं. हजार बायकांपासून निघालो आणि २४ मुलांवर येऊन थांबलो.

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात नियम दिलेला असतो. प्रत्यक्ष मोजलेली प्रकरणं २५ पेक्षा कमी असतील तर टक्का छापायचा नाही, चांदणी टाकायची. २५ ते ४९ असतील तर टक्का कंसात छापायचा. म्हणजे एखाद्या सर्वसाधारण जिल्ह्यात या ओळीवर चांदणी येणं हा निव्वळ हिशेब आहे. आकडा चांगला की वाईट हे नियम बघतच नाही, तो फक्त पाया मोजतो. उलट जिथे जुलाब कमी, तिथे पाया आणखी लहान आणि चांदणीची शक्यता जास्त. लपवायचंच असतं तर हाच निर्देशांक देशासाठी ६०.६ टक्के असा उघड छापला नसता. आणि चांदणी म्हणजे शून्यही नव्हे. समजा ३० मुलं सापडली आणि एकालाही ओआरएस मिळालं नव्हतं, तरी जिल्ह्यातलं खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. २५ पेक्षा कमी मुलांवर तर तेवढंही ठामपणे सांगता येत नाही.

एवढं मात्र मान्य करायला हवं की २५ हा संकेत आहे, निसर्गनियम नाही. २४ मुलांचा टक्का निरुपयोगी आणि २६ चा विश्वासाचा, असं काही घडत नाही. रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि ती निकाल बघण्याआधी ओढलेली असली की पुरे.

आता कंसाकडे. माझ्या मते चांदणीपेक्षा कंसानेच जास्त घोळ होतात, कारण तिथे छापलेला आकडा वाचायला मिळतो. समजा एका जिल्ह्यात ३० मुलांपैकी १८ जणांना ओआरएस मिळालं. ६० टक्के. इथे एक मूल म्हणजे ३.३ टक्के. एखाद्या आईला पुडी दिल्याचं आठवलं नाही की आकडा थेट ५६.७ वर येतो. ९५ टक्के विश्वासाने बोलायचं तर खरं प्रमाण साधारण ४२ ते ७५ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. तेही ही ३० मुलं जिल्हाभरातून एकेक करून सुटी निवडली असं धरून. प्रत्यक्षात आधी गावं आणि शहरांतले जनगणनेचे गट निवडतात, मग प्रत्येकातून २२ घरं. एकाच गावातली मुलं एकच पाणी पितात आणि त्यांच्याकडे एकच आशाताई पुड्या घेऊन येते, त्यामुळे ती एकमेकांसारखीच निघतात. म्हणून खरा पल्ला ४२ ते ७५ पेक्षाही रुंद असतो.

पुढच्या फेरीत त्याच जिल्ह्यात २८ पैकी १२, म्हणजे ४३ टक्के आले, तर मथळा तयार: "ओआरएस १७ टक्क्यांनी घसरलं!" (खरं तर १७ टक्के-बिंदूंनी, पण ते असो.) दोन्ही फेऱ्यांची चूक एकत्र धरली की घसरणीचा पल्ला साधारण उणे ८ पासून अधिक ४३ पर्यंत जातो. म्हणजे प्रमाण खरंच कोसळलं असेल, किंवा थोडं वाढलंही असेल. या ५८ मुलांवरून ते ठरत नाही.

दशांशाचं म्हणाल, तर तो सगळ्या तक्त्यांना एकच साचा वापरल्यामुळे येतो. ३० मुलांत ३.३ च्या पायऱ्या असताना ०.१ चा फरक दाखवणं म्हणजे वजनकाट्याने मीठ मोजून भाजी अंदाजे टाकण्यासारखं. पाया शंभराच्या खाली असेल तर मी पूर्णांकच लिहितो आणि शेजारी "३० पैकी १८" देतो. गोल करायचं ते एकदाच, मूळ आकड्यावरून. ४४.४६ चं आधी ४४.५ केलं आणि मग ४५, तर एक टक्का हवेतून आला. थेट केलं तर ४४ च. फरकही न गोल केलेल्या आकड्यांवरून काढावा.

इथे एक खाचही आहे. टक्के भारित असतात, म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येकाला तो किती जणांचं प्रतिनिधित्व करतो त्याप्रमाणे कमी-जास्त वजन दिलेलं असतं, त्यामुळे ३० पैकी १८ चा टक्का नेमका ६० येईलच असं नाही. राज्य अहवालांच्या तक्त्यांत शेवटच्या रकान्यात जी संख्या असते तीही भारित असते, आणि कंसाचा नियम मात्र अभारित मोजणीवर चालतो. म्हणून कधी रकान्यात ६० दिसतं आणि टक्का तरीही कंसात असतो. ती छपाईची चूक नसते.

हा कंस माझ्या अंगावरही आलाय. पत्रकांवरून जिल्ह्यांची क्रमवारी लावताना मी आकडे एक्सेलमध्ये उतरवले. एक्सेलला `(60.0)` हा हिशेबनिसाचा उणे आकडा वाटतो, म्हणून तो `-60` झाला. चांदण्यांच्या जागी मी घाईत शून्य भरलं होतं. यादीच्या तळाशी उणे टक्के असलेले जिल्हे दिसले तेव्हा कुठे चूक कळली. शून्यवाले मात्र खऱ्यासारखेच दिसत होते. आता कंसासाठी मी वेगळा रकाना ठेवतो आणि चांदणीची जागा कोरी सोडतो.

जिल्ह्याचं काही सांगायचंच असेल तर शेजारचे चार-पाच जिल्हे एकत्र करता येतात, पण घरनिहाय विदा घेऊन, भारांसकट. छापलेल्या टक्क्यांची सरासरी काढून चालत नाही, कारण चांदणीवाल्या जिल्ह्यांचा टक्का हातात नसतोच. तेवढी खटपट नको असेल तर बातमीत असं लिहा: "जिल्ह्यातल्या नमुन्यात अतिसार झालेली ३० मुलं आढळली, त्यांपैकी १८ जणांना ओआरएस मिळालं होतं. संख्या लहान असल्याने मागच्या फेरीशी तुलना केलेली नाही."