"सोडा की साहेब, फॉर्मच तर हाय!"

आज दुपारी लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं काउंटरवर हे ऐकवलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

खातं उघडायचा त्यांचा फॉर्म मी परत केला होता. पहिल्या पानावर सही मराठीत, नमुना सहीच्या कार्डावर इंग्रजीत, मागच्या पानावर तिसरीच. उद्या ह्यांचा चेक आला की आमच्या स्क्रीनवर कार्डावरची सही दिसणार. ती जुळली नाही की चेक परत, आणि शिमगा आमच्या नावानं! फोटो आधारशी तंतोतंत जुळत होता, कारण दोन्ही मिशी फुटायच्या वयातले. समोर मात्र टक्कल पडलेला गृहस्थ. फोटो माणसाशी जुळवायचा असतो हो, नुसता कागदाशी नाही.

हे सगळं चाललं असतं एकवेळ. पण नॉमिनी? नाव "परी". नातं मुलगी, वय ७. जन्मतारीख कोरी. नॉमिनी अज्ञान असेल तर तिच्या वतीनं पैसे कोण घेणार ते लिहावं लागतं, तो रकानाही कोरा.

"परी" वाचलं आणि मला मामी आठवली.

मामाच्या फॉर्मवर नॉमिनी होती "आक्का". घरात, गल्लीत सगळे तिला आक्काच म्हणायचे. मामा गेला. नॉमिनेशन नीट असलं की मृत्यूचा दाखला, क्लेमचा अर्ज आणि नॉमिनीची ओळख एवढ्यावर काम होतं. मामीच्या आधारवर शेवंता. ही शेवंता म्हणजेच ती आक्का, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र आणि हेलपाट्यांवर हेलपाटे. बँकेचं नाव घेत नाही. कसबा बावड्याहून पिशवीत कागद घेऊन यायची आणि मला विचारायची, "आता कुठला राहिला रे बाळा?"

तो फॉर्म मी भरला होता. बारावीत होतो, अक्षर चांगलं म्हणून मामानं बसवलं होतं. आणि कुणीतरी तो न वाचता पास केला.

मान्य, आमचे फॉर्म लांबलचक आणि अक्षर मुंगीएवढं. हेही मान्य की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क राहतोच. पण पैसे आधी ज्याच्या हातात पडायचे त्याचं नाव तरी धड नको?

ते चिडून गेले. मीही जरा जास्तच बोललो असेन.

पाच वाजता परत आले, नवा फोटो घेऊन. सह्या सगळीकडे एकसारख्या केल्या. बायकोला फोन लावून पोरीची जन्मतारीख विचारली, परीच्या जागी जन्मदाखल्यावरचं नाव लिहिलं. पैसे घेणाऱ्याच्या रकान्यात बायकोचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले.

"साहेब, माहेरचं का सासरचं?"

"आधारवर हाय ते," म्हटलं आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.