वजा पाच

आठवीचा उजळणी दिवस, विषय ‘जगातील धर्म’, प्रश्नमंजूषा गटागटांत आणि प्रत्येक गटात एक पालक सक्तीचा. ठाण्यातल्या शाळांना असले बेत नेमके रविवारीच सुचतात.

पहिल्या फेरीत बरोबर उत्तराला 10 गुण. चुकलं तर प्रश्न पुढच्या गटाकडे, तिथे 5. शेवटची फेरी बझरची: बरोबर 10, चूक वजा 5, वर समोरच्या गटाला त्याच प्रश्नावर पूर्ण 10 ची संधी. हा नियम ज्याने केला त्याला मला एकदा भेटायचंय.

गुण लिहायला कुणाचे तरी आजोबा बसले होते, निवृत्त बँक कॅशियर. 45-45 अशी बरोबरी. शेवटचा प्रश्न: “शीख धर्मात गुरू किती?” मी बझर दाबला. “अकरा!”

“चूक. दहा,” आजोबा म्हणाले. प्रश्न वाचणाऱ्या बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“काका, दहा मानवी गुरू, नानकांपासून गोविंदसिंगांपर्यंत. 1708 साली नांदेडला गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं. म्हणजे अकरा. मानवी गुरू विचारा, मी दहा सांगतो.”

“कार्डावर दहा आहे.”

“कार्ड अर्धवट आहे!”

“अहो साहेब, चेकवर दहा लिहिलेले असताना मी पस्तीस वर्षांत कुणाला अकरा दिले नाहीत.”

“पण नांदेड तर आपल्याच...”

“नांदेड सिलॅबसमध्ये नाही.”

“बाबा, बस ना!” हे आमच्या गटातून. समोरच्यांनी दहा सांगून दहा घेतले. एरवी आम्ही 55-45 जिंकलो असतो, आता 40-55 हरलो. एका प्रश्नात 25 गुणांचा फरक; आख्खी पहिली फेरी त्यापुढे पाणी कम चाय.

मोजणीचे प्रश्न असेच फसवतात. प्रश्नात ‘मानवी’ हा शब्द घाला, नाहीतर कार्डावर दोन्ही उत्तरं लिहा. जास्तीची शाई किती लागते? त्याच कार्डांच्या भरवशावर समोरच्यांना आधी ज्यूंच्या आठवडी विश्रांतीच्या दिवसाचे, शब्बाथचेही दहा मिळाले होते. “कधी सुरू होतो?” “शनिवारी.” शाब्बास! तो सुरू होतो शुक्रवारच्या सूर्यास्ताला. आणि हे ठाण्यात, जिथे 1879 पासून सिनेगॉग उभं आहे! कोकणात घाणा चालवणारे बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. तेव्हा मी सभ्यपणे गप्प बसलो. सभ्यपणाला गुण नव्हते.

मी प्रश्न रद्द करायची मागणी केली. आजोबांनी नियमांचा कागद पालथा करून दाखवला. “रद्दचं कलमच नाही.” मग बाईंनी माइकवरून पालकांना खिलाडूवृत्तीचं आवाहन केलं. पालकांना म्हणजे कुणाला, ते सगळ्या हॉलला कळलं.

बक्षिसं वाटून झाल्यावर विजेत्या गटातले गृहस्थ माझ्याजवळ आले. हातात नवा कोरा शब्दकोश. हळूच विचारतात, “ते अकरावे कोण म्हणालात?”