आधी बँकेत जा, कागद नंतर बघू

लग्न झालं, अभिनंदन! ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून झालं, सगळ्यांनी वाकून वाचलं, फोटोही निघाला. एवढा सज्जड पुरावा हाताशी असताना आता वेळ कशाला दवडायचा? सोमवारी बँक उघडली की खात्यावरचं नाव बदलायला पहिल्या नंबरला उभ्या राहा. सोबत पत्रिका न्या, जमलं तर ती मखमली पाकिटातली. काउंटरवरच्या बाई ती कौतुकाने उलटून पाहतील, कार्यालय कोणतं होतं ते विचारतील, जेवण चांगलं होतं का तेही विचारतील, आणि मग पत्रिका परत देऊन म्हणतील, "मॅडम, मॅरेज सर्टिफिकेट आणा."

तर हे सर्टिफिकेट. उदाहरणापुरती एक केतकी घेऊ. माहेरची केतकी मोहन जोशी, आता केतकी निखिल कुलकर्णी. आडनाव बदललं असं आपण नुसतं म्हणतो. मराठी घरात मधलं नावही जातं, म्हणजे तिनातले दोन शब्द नवे, आणि बँकेच्या संगणकाला बाई एक तृतीयांश ओळखीची उरते. हा उरलेल्या दोन तृतीयांशांचा दुवा जुळवणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. पुण्यात ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळतं. वधू-वर, तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका आणि अर्जावर गुरुजींची सही, एवढं लागतं. नोंदणी 90 दिवसांत करायची असते. तुम्ही अर्थातच ती लांबणीवर टाका. साक्षीदार म्हणून जे मामा हौसेने तयार झाले होते ते नाशिकला परत जाऊ द्या, गुरुजी पुढच्या मुहूर्तांत बुडू द्या, मग एकेकाला गाठण्यात वेगळीच मजा आहे.

प्रमाणपत्र हातात आलं की ते वाचू नका, लॅमिनेट करा. कारण वाचलंत तर लक्षात येईल की त्यावर पतीचं नाव आहे, पत्नीचं नाव आहे, लग्नाची तारीख आणि ठिकाण आहे, 1998 च्या अधिनियमाचा उल्लेख आहे, आणि पत्नीचं नाव "केतकी मोहन जोशी" असंच आहे. नवं नाव त्यात नाही. बरोबरच आहे म्हणा, लग्न लागलं तेव्हा ती जोशीच होती. पण आता ती बँकेत जाणार, आणि तिथे कोणीतरी चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "यात कुलकर्णी झाल्याचं कुठे लिहिलंय?"

रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश यावर बरंच काही सांगतात. जुन्या नावाचं अधिकृत ओळखपत्र नाव बदलल्यावरही चालतं, फक्त त्याला राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडलेली असावी, आणि त्यातून नावातला बदल दिसावा. आता या "दिसावा" वर अख्खी शाखा उभी आहे. एका शाखेत दोघांची नावं शेजारीशेजारी दिसली की बदल दिसला. दुसरीत नवं नाव अक्षरशः छापलेलं दिसत नाही तोवर काहीच दिसत नाही. तिथे प्रतिज्ञापत्र मागतात, नाहीतर नव्या नावाचं आधार. तुम्ही तिथेच हुज्जत घाला, निर्देशांची प्रिंट काढून न्या. कोथरूडपासून कॅम्पापर्यंत या विषयावर वाद जिंकलेल्या बायका आहेत. खात्यावरचं नाव मात्र त्यांनाही शेवटी नवं आधार दाखवूनच बदलावं लागलं.

हौसेने पहिलंही नाव बदललं असेल, म्हणजे केतकीची सासरी "मुग्धा" झाली असेल, तर विवाह प्रमाणपत्र कामाचं नाही. मोहनची निखिल आणि जोशीची कुलकर्णी कशी झाली हे लग्नावरून समजतं. केतकीची मुग्धा कशी झाली हे कोणत्याही लग्नावरून समजत नाही. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. तांदळात लिहिण्याआधी हे कोणी सांगत नाही.

आता क्रम. सरळ क्रम असा की प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक. इतकं सरळ तुम्ही जाऊच नका. पॅनपासून सुरू करा. पॅनच्या अर्जासोबत लग्नाची पत्रिका जोडायची सोय वर्षानुवर्षं चालत आली आहे, म्हणून तो दरवाजा उघडा वाटतो. मग आधारवर जोशी, पॅनवर कुलकर्णी, आणि ही दोन नावं एकमेकांशी जुळली पाहिजेत असा सरकारचा आग्रह. पॅनच्या बाबतीत आणखी एक गंमत. त्यावर नवऱ्याच्या नावाला रकाना नाही, विवाहितेच्या कार्डावरही सहसा वडिलांचंच नाव येतं. हौशीने वडिलांच्या रकान्यात "निखिल" भरून ठेवा, अर्ज परत येण्याची चिंता नको, तो येतोच.

आधारला मात्र जरा जपून, कारण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी नवऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगवर घालवा. विवाह प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, त्याच्या आधारवर दुसरं, तुमच्या अर्जात तिसरं. केंद्रातला ऑपरेटर पावती देण्याआधी स्क्रीन तुमच्याकडे फिरवतो आणि "बघून घ्या" म्हणतो. तेव्हा बघू नका, अहोंना फोन करून पार्किंग मिळालं का ते विचारा.

समजा एवढं करूनही आधार आणि पॅन दोन्ही व्यवस्थित नवे झाले. आता बँक विसरा. जुलैत विवरणपत्र भरा आणि परताव्याची वाट पाहा. प्राप्तिकराचा परतावा आधी प्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो, आणि त्या प्रमाणीकरणात पॅनवरचं नाव खात्यावरच्या नावाशी ताडून बघतात. पॅन कुलकर्णी, खातं जोशी. पैसे तुमचेच, पॅन क्रमांकही तोच, पण परतावा अडकला. पॅन नवा झाला की त्याच आठवड्यात बँकेत जावं, म्हणजे हे टळतं. अर्थात मग रात्री अकराला पोर्टलवर लाल अक्षरं वाचण्याचा अनुभव हुकतो.

पण खरा आनंद आहेराच्या चेकमध्ये आहे. डेक्कनला राहणारे एक काका, आयुष्यभर शिस्तीत जगलेले. लग्नाच्या दिवशी, समजा 2 डिसेंबरला, त्यांनी सुवाच्य अक्षरात चेक लिहिला: "सौ. केतकी निखिल कुलकर्णी". कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा, अकाउंट पेयी. आता या नावाचं खातं जगात कुठेच नाही. केतकीचं खातं जोशी नावाने आहे, त्यात हा चेक भरला तर नाव जुळत नाही म्हणून परत. आणि चेकचं आयुष्य तारखेपासून तीन महिने, 2012 पासून हाच नियम आहे. म्हणजे मार्च उजाडेपर्यंत नोंदणी, आधार, पॅन आणि बँक, चारही व्हायला हवं. ते होत नाहीच. मग कोणीतरी सुचवतं की काकांनी नाव खोडून वर सही करावी. चेक आता प्रतिमेवरून वठतात, त्यामुळे तारखेची दुरुस्ती सोडली तर खाडाखोड चालत नाही. नाव खोडलेला चेक परतच येतो. उपाय एकच. काकांकडे चहाला जायचं आणि माहेरच्या नावाने नवा चेक मागायचा. ते देतील. देताना "आमच्या वेळी असं नव्हतं" हेही देतील. पत्रिकेसोबतच "चेक माहेरच्या नावाने द्यावा" असं कळवलं असतं तर हा चहा वाचला असता, पण पुण्यात आहेराबद्दल आधी बोलणं शिष्टसंमत नाही.

अखेर बँकेत जायचा दिवस. नावबदलाचा अर्ज, विवाह प्रमाणपत्र, नवं आधार, नवं पॅन, फोटो, पासबुक. झेरॉक्सवर स्वतःची सही करायची, आणि मूळ कागद सोबत न्यायचे, कारण समोर बसलेली व्यक्ती ते ताडून पाहून झेरॉक्सवर शिक्का मारते. मूळ कागद घरी लॉकरमध्ये ठेवून जा. त्याच बँकेच्या दोन शाखांत तुमची खाती असतील तर दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज द्या. खरं तर नाव ग्राहक क्रमांकाला जोडलेलं असतं, तो एक बदलला की त्याखालचं बचत खातं, ठेवी, सगळं बदलतं. पण लग्नानंतर घाईत त्याच बँकेत नव्या नावाने संयुक्त खातं काढलं असेल, तर एकाच पॅनवर तुमचे दोन ग्राहक क्रमांक झालेले असू शकतात, एक जोशी, एक कुलकर्णी. अर्ज देतानाच "माझ्या पॅनवर किती ग्राहक क्रमांक दिसतात?" एवढं विचारलं तर ते तिथल्या तिथे उघडकीस येतं. विचारू नका. डेबिट कार्ड आणि चेकबुक नव्या नावाचं आपोआप घरी येईल असंही धरून चाला. बऱ्याच ठिकाणी ते वेगळं मागावं लागतं, अर्जात तशी चौकट असते, बारीक अक्षरात.

आणि सही! नवं नाव म्हणजे नवी सही हवीच. वहीच्या मागच्या पानावर सराव केलेली, कुलकर्णीच्या शेवटी लांब शेपूट असलेली ती सही बँकेच्या नमुना कार्डावर झोकात करा. त्याआधी जुन्या सहीने दिलेला सोसायटीचा चेक अजून वठायचा असेल तर तो "सही जुळत नाही" म्हणून परत येईल आणि वर दंडही लागेल. नावबदलाबरोबर सही बदलायलाच हवी असा नियम नाही. "केतकी" एवढीच सही असलेल्या बायका हा सगळा प्रकार न करता घरी जातात. त्यांच्याकडे आम्ही फार कौतुकाने पाहत नाही.

शेवटचा मार्ग मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो अगदीच आळशी लोकांचा आहे. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. जोशी नावाचं खातं जोशी नावानेच चालू राहतं, पॅन, आधार, पगार, परतावा सगळं एका नावात. विवाह प्रमाणपत्र तेवढं काढून ठेवायचं, म्हणजे व्हिसा किंवा संयुक्त कर्जाच्या वेळी नातं दाखवता येतं. सासूबाईंच्या भिशीत तुम्ही कुलकर्णी राहिलात तरी बँकेचं काही जात नाही, कारण भिशीला केवायसी नसते. आणि अहोंना विचाराल तर ते म्हणतील, "तुला जे सोयीचं वाटेल ते कर." लग्नानंतर त्यांनी भरलेला एकमेव फॉर्म नॉमिनीचा असतो, तोही तुम्ही आठवण केली तर.