एटीपी नुसतं फुटलं तर हाती उष्णताच

«एटीपीच्या उच्च-ऊर्जा बंधात ऊर्जा साठलेली असते. बंध तुटला की ती बाहेर पडते आणि शेजारची अडलेली अभिक्रिया ढकलते. ३०.५ मधून १३.८ वजा करा, पेशीत उरते १६.७. एवढंच पाठ करा.»

सांगली-मिरजेच्या बारावीच्या मुलांत हा मजकूर सध्या फिरतोय. त्यातली वजाबाकी बरोबर आहे, भोवतीचं बरंचसं नाही.

पहिलं बंधाचं. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, एटीपीचाही. जलअपघटनात −३०.५ किलोज्यूल प्रति मोल येतात, कारण एडीपी आणि सुटा फॉस्फेट हे एटीपीपेक्षा जास्त स्थिर असतात. एटीपीत शेजारी-शेजारी कोंबलेले ऋण भार एकमेकांपासून सुटतात, फॉस्फेटचा भार चार ऑक्सिजनांवर पसरतो आणि पाणी दोघांना चांगलं वेढून घेतं.

खरी गफलत «ढकलते» या शब्दात आहे. ग्लुकोज, फॉस्फेट आणि एटीपी एका नळीत ठेवा. एटीपी सावकाश फुटेल, नळी किंचित तापेल, पण ग्लुकोजला फॉस्फेट जोडून होणारं ग्लुकोज-६-फॉस्फेट जवळपास बनणारच नाही. तापमान सगळीकडे सारखं असताना पेशीला उष्णतेतून काम काढता येत नाही.

हेक्झोकायनेज हे एन्झाईम एटीपीचा टोकाचा फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला जोडतं. मधे सुटा फॉस्फेट नसतो, पाणीही नसतं. ग्लुकोज आत बसलं की एन्झाईमच्या दोन पाळ्या मिटतात आणि पाणी बाहेर राहतं. झायलोज दिलं तर चित्र बदलतं. त्याला सहावा कार्बनच नाही, त्या रिकाम्या जागी पाणी शिरतं आणि एटीपी वाया जातं: एडीपी वाढतं, पण साखरेला फॉस्फेट लागत नाही. एटीपी फुटणं एवढंच पुरेसं असतं, तर झायलोजबरोबरही काम झालं असतं. एटीपीचं जलअपघटन आणि ग्लुकोजला सुटा फॉस्फेट जोडण्याची +१३.८ ची पायरी हे दोन्ही फक्त हिशेबाचे कागदी टप्पे आहेत. बेरजेत पाणी आणि फॉस्फेट दोन्हीकडून कटतात.

पण या हिशेबाचा फायदा मोठा आहे. +१३.८ म्हणजे २५ अंश सेल्सिअसला समतोल स्थिरांक सुमारे ०.००३८. तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज ५ मिलिमोलर आणि फॉस्फेट १ मिलिमोलर धरलं, तर एटीपीविना ग्लुकोज-६-फॉस्फेट ०.०२ मायक्रोमोलरवरच थांबेल. प्रत्यक्षात ते ८३ मायक्रोमोलरच्या आसपास असतं, चार हजार पटींहून जास्त. जोडलेल्या अभिक्रियेचा स्थिरांक साधारण ८५० आहे.

आता ते १६.७. हा आकडा प्रमाण स्थितीचा आहे, म्हणजे प्रत्येक घटक १ मोलर. पेशी तशी नसते. त्याच रक्तपेशीत एटीपी १.८५ आणि एडीपी ०.१४ मिलिमोलर घ्या:

ΔG = −१६.७ + RT ln([G6P][ADP] / [ग्लुकोज][ATP])

कंसातलं गुणोत्तर ०.००१३ च्या आसपास येतं. ३७ अंशाला दुसरं पद सुमारे −१७, म्हणजे एकूण −३४. इतक्या उतारावर हेक्झोकायनेज उलटं चालत नाही. म्हणून यकृताला रक्तात ग्लुकोज सोडायचं असतं तेव्हा ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे वेगळं एन्झाईम लागतं. ते पाणी वापरून फॉस्फेट तोडतं आणि खर्चलेलं एटीपी परत मिळत नाही.