फोटो मोजा आणि पैसे भरा

दहावीचा निकाल लागला की सात रस्त्यावर मान वर करून चालावे. सिग्नलकडे बघू नये, फ्लेक्सकडे बघावे. ज्या क्लासच्या फ्लेक्सवर जास्त फोटो तो क्लास चांगला. एवढे साधे गणित, उगाच चार जणांना कशाला विचारायचे? मी विचारले नाही. मागच्या वर्षी थोरलीला अकरावीसाठी असाच क्लास लावला, तेव्हा अनुभवी माणसाचा सल्ला म्हणून ऐका.

फोटोखालच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. 99 म्हणजे शंभरपैकी नव्व्याण्णव मार्क, असे आपल्या पिढीने धरूनच चालावे. खरे तर सीईटीला मिळतो तो पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात किती मुले तुमच्या बरोबरीला किंवा मागे राहिली, तो हिशेब. तीन लाख मुले बसली, तर 99 च्या पुढेसुद्धा तीनेक हजार उभी असतात. आणि आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘फिजिक्स’ लिहिलेले असते, म्हणजे तो एकाच विषयाचा. ते वाचायला गाडी थांबवू नये, मागचा रिक्षावाला शिव्या देतो.

तोच मुलगा पुढच्या चौकात दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर त्याच शर्टात हसताना दिसला, तर जुळा भाऊ समजावा. एकीकडे दोन वर्षे बसला, दुसरीकडे नुसती टेस्ट सिरीज लावली, असली शंका मनात आणू नये. कोणत्या कोर्सचा विद्यार्थी होता ते जाहिरातीत लिहा, असे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगून ठेवलेय. सांगेनात बापडे.

डेमो लेक्चरला मात्र जरूर जावे. एसी असतो.

आमच्या डेमोला जे सर आले होते, त्यांनी घर्षण असे शिकवले की मलाच पुन्हा अकरावीला बसावेसे वाटले. पोरगी खूश. ॲडमिशननंतर ते सर परत दिसले नाहीत. चौकशी केली तर काउंटरवरची मॅडम म्हणाली, “ते अ बॅचला असतात काका.” आणि आमची? “ब.” अ मध्ये चाळीस मुले, ब मध्ये नव्वद. क्लासच्या परीक्षेत आणि दहावीत जी आधीच पुढे होती, ती अ मध्ये. मग मी तो फ्लेक्स घेऊन बसलो. चौदा फोटो, चौदाही अ चे. म्हणजे यांनी हुशार घडवले नाहीत, वेचले! आमच्यासारख्या नव्वद जणांच्या फीवर त्या चाळिसांना सवलत आणि चांगले सर. मी विचारले, “ब च्या मुलांना सीईटीला किती पडले, तेवढी यादी दाखवा. नावे झाका, नुसते आकडे द्या.” मॅडम म्हणाली, “तसा डेटा नसतो.” नसतो? हजेरीचा मेसेज रोज येतो, फीच्या हप्त्याची आठवण एक दिवस आधी येते, आणि निकालाचाच डेटा नसतो?

आमच्या पोरीची वही पाहिली. घर्षणाचे एक पान, फळ्यावरून उतरवलेली तीन सूत्रे, सोडवलेले गणित एकही नाही. “शंका विचारली का?” तर म्हणे, “सर म्हणतात ॲपवर टाका.”

फी एकदम भरावी. सवलत मिळते. तोंडी सांगितलेले एक लाख वीस हजार, पावतीवर 18 टक्के जीएसटी धरून एक लाख एकेचाळीस हजार सहाशे होतात, तेव्हा दचकू नये.

तीन महिन्यांनी मी पोरीचे नाव काढले. वर्षाची फी, नऊ महिने शिल्लक, म्हणजे करासकट एक लाख सहा हजार दोनशे परत यायला हवे होते. भरलेल्या रकमेचे पाउणशे टक्के, सोपे आहे. सोडलेल्या मुलाची उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. मी तो कागद छापून नेला. त्यांनी पावती उलटी केली. मागे लिहिले होते: कोणत्याही परिस्थितीत फी परत मिळणार नाही. खाली माझीच सही.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवलीय. बघू.

काल शेजारचे आले, मुलाला कुठे घालू म्हणून विचारायला. ही सगळी कहाणी सांगितली. ऐकून म्हणाले, “पण वो, फोटो भरपूर हायत की त्यांचे.” अहो, फोटो काय बघता! मागच्या वर्षी किती मुले होती, त्यातल्या सत्तर-पंचाहत्तर टक्केवाल्यांचे काय झाले, ते विचारा. ऐन ऑगस्टमध्ये न सांगता जाऊन तुमच्या पोराच्या बॅचला कोण शिकवतो ते बघा. दोन हप्त्यांच्या वर एक रुपया आगाऊ देऊ नका, आणि सही करायच्या आधी पावती उलटी करा. भाजी घेताना चार वांगी दाबून बघता ना? इथे लाखभर रुपये ठेवताना तोंडाला काय कुलूप लागते?

ते म्हणाले, “भरून आलो सकाळीच. दोनच जागा उरल्या होत्या.”