कळ आली तर काय घालावं?

रात्री दोन वाजता डाव्या कुशीत कळ आली आणि थेट जांघेपर्यंत उतरली. अशा वेळी माणूस कपाट उघडून कपडे निवडत नाही. अंगात होतं तेच राहिलं: दिवाळीच्या रंगकामाचे डाग पडलेली बर्म्युडा आणि कुठल्याशा प्रचारात फुकट मिळालेला टी-शर्ट.

कॅज्युअल्टीत मी खुर्चीवर बसत होतो, उठत होतो, भिंतीला धरून वाकत होतो. वॉर्डबॉय म्हणाला, "ए दादा, नीट बस." पोरसवदा डॉक्टरने आधी नाक पुढे केलं, मग प्रश्न. "किती घेतलीय?"

"अर्धा लिटर," मी म्हणालो. मला वाटलं, पाण्याचं विचारतायत.

तेवढ्यात गाडी लावून बायको आली. तिने मेडिक्लेमचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मी जागच्या जागी 'दादा'चा 'सर' झालो. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचलं, लघवी तपासली. तिच्यात रक्त सापडलं, दारू नाही. सकाळी सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा निघाला.

आमच्या ओळखीच्या एका जुन्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. मुतखड्याचा माणूस एका जागी ठरतच नाही, तळमळतो. अपेंडिक्स फुटलेला मात्र निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. म्हणजे माझं ते उठणं-बसणं हेच निदान होतं. ते नेमकं बर्म्युडाच्या डागांखाली झाकलं गेलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा कळ आली, यावेळी दिवसा. मी शहाणा झालो होतो. दात-ओठ खात इस्त्रीचा शर्ट चढवला, बूट घातले, भांग पाडला, हातात रिपोर्टची बॅग घेतली. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "एमआर लोकांना सर एकनंतर भेटतात."

"अहो, मी पेशंट आहे!"

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. पटलं नाही, पण आत सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, "आठ." त्यांनी माझ्या बाहीवरची इस्त्रीची घडी न्याहाळली. घडी शाबूत होती. त्यांनी चार लिहिले. आठ दुखणाऱ्याने बुटाची नाडी कशी बांधली, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. नाडी बायकोने बांधली होती, पण ते कागदावर कुठे लिहायचं?

खडा अखेर घरीच पडला, चहाच्या जुन्या गाळणीत. (ती गाळणी आता चहाला वापरत नाही, पाहुण्यांनी निश्चिंत असावं.)

कपाटात मात्र एका हँगरवर वेगळा जोड टांगलाय: वर इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं, खाली चुरगळलेला पायजमा, खिशात मेडिक्लेमचं कार्ड. परवा मेव्हण्याच्या छातीत धडधडायला लागलं, तर त्याने आधी हॉस्पिटल न विचारता बायकोला फोन केला, "ताई, तो जोड मला होईल का गं?"